शेपूट बघा, मग मागच्या पायाची बोटं मोजा

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून 'हॅमस्टर' म्हणून घरी आलेला प्राणी पुष्कळदा गिनीपिग निघतो. कधी तोच 'छोटा ससा' म्हणूनही विकला जातो. चूक नावापुरती असती तर चाललं असतं, पण नावावरून पिंजरा येतो, पिंजऱ्यात चाक येतं आणि वाटीत सूर्यफुलाच्या बिया पडतात.

ओळखीच्या एका घरातून आलेला फोटो असाच होता. तपकिरी-पांढरा, गुबगुबीत प्राणी, जाळीच्या तळाचा पिंजरा, बाजूला चाक. प्रश्न एवढाच की हॅमस्टरला अजून काय खायला घालायचं?

अशा फोटोत रंगाकडे आणि गोंडसपणाकडे मुळीच लक्ष देऊ नये. हॅमस्टर, ससा, गिनीपिग आणि जर्बिल नावाचा उंदरासारखा छोटा प्राणी, हे चारही तपकिरी, पांढरे, काळे आणि ठिपक्यांचे मिळतात. आधी आकाराला काही माप सापडतं का ते पाहावं. इथे पिंजऱ्याला पाण्याची नेहमीची बाटली टांगलेली होती आणि प्राणी लांबीला तिच्याहून मोठा दिसत होता. मोठ्यात मोठा पाळीव हॅमस्टर म्हणजे सीरियन, तोही 15-18 सेंटीमीटरच्या पुढे सहसा जात नाही. माप देणारी वस्तू फोटोत नसेल तर मात्र अंदाज करू नये, कारण जवळून काढलेल्या फोटोत सगळेच मोठे दिसतात.

मग शेपूट. जर्बिलची शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब, केसाळ आणि टोकाला झुपकेदार असते. सशाला कापसाच्या बोळ्यासारखी, हॅमस्टरला जेमतेम दिसणारं खुंट, तर गिनीपिगला बाहेरून शेपूटच नसते. अडचण अशी की हॅमस्टरचं खुंट केसांत सहज लपतं. जर्बिलला कुणी शेपटीला धरून उचललं असेल तर शेपटीची कातडी सोलून निघते आणि पुढे ती तोकडी राहते. मग तोही फसवतो. तरी त्याचे मागचे लांब पाय आणि ताठ उभं राहायची लकब ध्यानात येतेच.

म्हणून शेवटचा निवाडा मागच्या पंजावर. हॅमस्टर आणि जर्बिलला तिथे पाच बोटं, सशाला चार, गिनीपिगला तीन. त्या घरच्यांना मी पंजाचा वेगळा फोटो मागितला. प्राण्याला मांडीवर घेऊन, एक हात खालून देऊन, दुसऱ्याने टिपलेला. तीन जाड बोटं स्वच्छ दिसली. कानही पाकळीसारखे बाजूला झुकलेले होते, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

आता वाटीकडे या. उंदीर, हॅमस्टर, ससे शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. गिनीपिग आपल्यासारखाच, त्याला ते जमत नाही, कारण ते तयार करण्याच्या साखळीतलं शेवटचं विकर त्याच्याकडे नाही. नुसत्या बियांवर ठेवला तर दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही सुरू होऊ शकतो. तो हालचाल टाळतो, उचललं की ओरडतो, केस विस्कटतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. घरच्यांना वाटतं, 'आता माणसाळला, गप्प बसतो.' अशा वेळी तातडीने प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.

मोठ्या, निरोगी गिनीपिगला रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. हिरव्या ढोबळ्या मिरचीत 100 ग्रॅमला सुमारे 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 25 ग्रॅमच्या एका फोडीत 20 च्या आसपास. रोज ताजी फोड चिरून द्यायची, सकाळची शिळी ठेवायची नाही. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकायची युक्ती बिनभरवशाची, कारण ते पाण्यात लवकर नासतं आणि चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो. पण जेवणाचा मोठा हिस्सा वाळलेलं गवत. ते दिवसभर समोर हवं, कारण त्याचे दात जन्मभर वाढतात आणि चघळण्यानेच झिजतात.

सशालाही गवत हवंच, त्याच कारणासाठी. हॅमस्टर आणि जर्बिलचं मुख्य खाणं धान्य आणि बिया. त्यांना बिळं करायला खोल भुसा लागतो, जर्बिलला तर 20-30 सेंटीमीटर. सीरियन हॅमस्टर एकटाच ठेवावा, दोन ठेवले तर मारामारी ठरलेली. गिनीपिगला मात्र सोबत लागते.

त्या पिंजऱ्यातलं चाक काढायला सांगितलं. गिनीपिगचा कणा त्यात वाकतो आणि दुखावतो. जाळीच्या तळाने तळपायांना जखमा होतात, म्हणून खाली सपाट तळ, त्यावर गवत किंवा कापड. दोघांसाठी 120 बाय 60 सेंटीमीटर जागा हे किमान. आणि एप्रिल-मे मध्ये पिंजरा पत्र्याखालच्या गॅलरीत नको. 27 अंशांच्या पुढे गिनीपिगला उष्माघाताचा धोका वाढतो, म्हणजे उन्हाळ्यात विदर्भात त्याची जागा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत.

शेतात सापडलेलं सशाचं पिल्लू असेल तर वरचं काहीच लागू नाही. तो बहुधा रानससा, कायद्याने संरक्षित. त्याचा फोटोही लांबूनच काढावा आणि त्याला हात न लावता होता तिथेच राहू द्यावं. त्याची आई दिवसभर दूर असते आणि संध्याकाळी दूध पाजायला येते.