टीबीसी चांगला, तरी लिजिओनेला सापडतो कसा?

मुंबईतल्या एखाद्या मॉलच्या किंवा हॉस्पिटलच्या प्लांट रूममध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्याचे दोन रिपोर्ट एकाच फाइलला लावलेले दिसतात. एक टीबीसीचा, म्हणजे एकूण जिवाणूंचा. तो दोन-तीन दिवसांत हातात पडतो. दुसरा लिजिओनेलाचा, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूचा, त्याला दहा-बारा दिवस लागतात आणि पैसेही जास्त. दोन्हींत आकड्यापुढे ‘सीएफयू’, म्हणजे प्लेटवर उगवलेल्या वसाहतींचा हिशेब, असं लिहिलेलं असतं, त्यामुळे दुसरा रिपोर्ट म्हणजे पहिल्याचाच एक तुकडा असं वाटतं. मग ‘टीबीसी चांगला आलाय, लिजिओनेला कशाला करायचा?’ हा प्रश्न ओघानेच येतो.

समजा, टीबीसी आला 400 आणि त्याच दिवशीच्या पाण्यात लिजिओनेला आला 3,000. लॅबने घोळ घातला, असं म्हणण्याआधी एकक बघा. टीबीसी मिलिलिटरमागे मोजतात, लिजिओनेला लिटरमागे. म्हणजे 3,000 हा आकडा मिलिलिटरला फक्त 3 होतो. चारशेंत तीन इकडेतिकडे झाले तर टीबीसीच्या प्लेटवर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. ब्रिटनमध्ये टॉवरसाठी जे निकष वापरतात, त्यांत टीबीसी मिलिलिटरला 10,000 पर्यंत ठीक मानला जातो, पण लिजिओनेला लिटरला 1,000 च्या वर गेला की लगेच कारवाई करायची असते. एकके सारखी करून पाहिली तर एका ठिकाणी दहा हजार चालतात, दुसऱ्या ठिकाणी एकही जड जातो.

आणि मुळात ते तीन जिवाणू टीबीसीच्या प्लेटवर उगवतच नाहीत.

टीबीसीसाठी बहुतेक ठिकाणी प्लेट काउंट अगार हे जिवाणू वाढवायचं माध्यम वापरतात: ट्रिप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, थोडं ग्लुकोज आणि अगार. पाण्यातल्या बऱ्याच जिवाणूंना एवढं पुरतं, 48 तासांत त्यांच्या ठळक वसाहती दिसतात. लिजिओनेलाला यातलं ग्लुकोज जवळपास निरुपयोगी, कारण तो ऊर्जा मुख्यतः अमिनो आम्लांतून घेतो. सिस्टीन हे अमिनो आम्ल त्याला स्वतः बनवता येत नाही, ते आयतंच द्यावं लागतं. लोहही भरपूर लागतं. 1976 साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा नेहमीच्या माध्यमांवर काहीच उगवेना आणि जिवाणू ओळखायला पुढचं वर्ष उजाडलं.

त्यातून पुढे जे माध्यम घडलं ते बीसीवायई. दिसायला काळंकुट्ट, कारण त्यात कोळसा असतो. एका लिटरला साधारण 10 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, 2 ग्रॅम सक्रिय कोळसा, 10 ग्रॅम एसेस हे बफर, 1 ग्रॅम अल्फा-कीटोग्लुटारेट, 0.4 ग्रॅम सिस्टीन आणि 0.25 ग्रॅम फेरिक पायरोफॉस्फेट. कोळसा खाद्य म्हणून नसतो. यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर उजेड पडला की त्यात पेरॉक्साइडसारखी विषारी ऑक्सिजन-संयुगं तयार होतात आणि लिजिओनेला त्यांना फार नाजूक. कोळसा ती संयुगं निपटून टाकतो. सिस्टीन आणि लोह ऑटोक्लेव्हमध्ये घालत नाहीत. माध्यम 50 अंशांच्या आसपास उतरलं की ते गाळून निर्जंतुक करून मिसळतात. पीएच 6.8 च्या आसपास नसेल तर प्लेट चांगली दिसूनही वाढ कमी येते. म्हणून प्रत्येक नव्या बॅचवर लिजिओनेलाचा ओळखीचा स्ट्रेन लावून बघणारी लॅब निवडावी.

इथे एक शंका रास्त आहे. ज्याला ताटात एवढे नखरे हवेत, तो नळाच्या पाण्यात जगतो कसा? तो पाण्यात मोकळा फार वाढतच नाही. टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या फिलवर, तळाच्या बेसिनच्या कोपऱ्यात, इमारतीच्या पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात अमिबा असतात. ते इतर जिवाणू खातात, पण लिजिओनेला त्यांच्या पोटात जाऊन पचत नाही, तिथेच वाढतो. सिस्टीन त्याला तिथे तयार मिळतं. अमिबाने पुटी बांधली की आतल्याला क्लोरीनही सहज पोचत नाही. मुंबईत तापमानही त्याच्या बाजूने असतं. तो साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो. चिलरकडून टॉवरवर येणारं पाणी 37 अंशांच्या आसपास असतं, आणि लॅबचा इन्क्युबेटर 36 वर! थंड पाणी 20 च्या खाली ठेवा, हा विलायती नियम गच्चीवरच्या टाकीला लागू करणं इथे अवघडच. इमारतीत मग भर द्यावा लागतो तो पाणी साचू न देण्यावर, टाकी साफ ठेवण्यावर आणि गरम पाण्याच्या लाइनवर. टाकीत 60 आणि नळाला किमान 50 अंश मिळायला हवेत.

आता उलटी परिस्थिती. टीबीसी दोन लाख आणि लिजिओनेला ‘आढळला नाही’. या रिपोर्टवर आमचा भरवसा सर्वांत कमी. लिजिओनेलाच्या वसाहती दिसायला तीन-चार दिवस लागतात, तोवर बाकीचे जिवाणू प्लेट व्यापून टाकतात. यासाठी आयएसओ 11731 च्या पद्धतीत घाणेरड्या नमुन्याचा एक भाग 50 अंशांवर 30 मिनिटं तापवतात, एक भाग पीएच 2.2 च्या आम्लात 5 मिनिटं ठेवतात आणि ग्लायसीन व प्रतिजैविकं घातलेल्या जीव्हीपीसी प्लेटवर लावतात. लिजिओनेला यातून बऱ्यापैकी तगतो, गर्दी विरळ होते. तरीही प्लेट भरली असेल, तर लॅबने ‘आढळला नाही’ न लिहिता ‘वाचता आली नाही’ असं लिहायला हवं.

शिवाय ‘आढळला नाही’ म्हणजे किती पाण्यात? एक लिटर पाणी गाळून 10 मिलिलिटरमध्ये उतरवलं आणि त्यातलं 0.1 मिलिलिटर प्लेटवर पसरलं, तर प्लेटवर मूळचं 10 मिलिलिटर पाणी आलं. एक वसाहत म्हणजे लिटरला 100. तेच न गाळता थेट 0.1 मिलिलिटर पसरलं, तर एक वसाहत म्हणजे लिटरला 10,000. म्हणजे कारवाईच्या मर्यादेच्या दहापट जिवाणू असूनही प्लेट कोरी निघू शकते. रिपोर्टवर शोध-मर्यादा छापलेली नसेल तर विचारून घ्या.

वसाहत पॉझिटिव्ह ठरवण्याची कसोटी पुन्हा सिस्टीनचीच. करड्या-पांढऱ्या, मधोमध काच दळल्यासारख्या दिसणाऱ्या वसाहती उचलून दोन प्लेटवर लावतात, एक सिस्टीनसह, एक सिस्टीनशिवाय. फक्त पहिलीवर उगवला तर लिजिओनेला धरायचा. दोन्हींवर उगवला तर दुसराच कोणी.

टीबीसी मग टाकाऊ का? मुळीच नाही. बायोसाइड, म्हणजे जिवाणू मारणारं रसायन, काम करतंय की डोसिंग पंप बंद पडलाय, हे दर आठवड्याला पाण्यात बुडवून काढायच्या डिपस्लाइड पट्टीवरून जितकं लवकर कळतं तितकं लिजिओनेलाच्या रिपोर्टवरून कळणार नाही. मात्र दोन्हींचा नमुना डोस देण्याआधी घ्या. क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत बाटलीतच जिवाणू मरत राहतात. आयसोथायाझोलिनोनसारख्या बायोसाइडवर थायोसल्फेट चालत नाही, त्यामुळे ते कधी टाकलं होतं हे फॉर्मवर लिहा. आणि बाटली दुपारी डिलिव्हरी बाइकच्या उन्हात तापलेल्या डिकीत फिरू देऊ नका. गार पेटीत, पण बर्फाला न चिकटवता, 24 तासांत लॅबमध्ये पोचायला हवी.