मोफत घरपोच सदस्यत्व

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला ठरावीक वर्गणी भरून वर्षभराच्या मागण्यांवरील पोचवणी शुल्क माफ करून घेण्याच्या योजनेस मोफत घरपोच सदस्यत्व म्हणतात. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने 2005 मध्ये ‘प्राइम’ ही योजना 79 डॉलर वार्षिक वर्गणीवर सुरू केली. भारतात ती 2016 मध्ये आली. अशा योजनांत पुढे चित्रपट, संगीत आणि सेलमध्ये आगाऊ प्रवेश यांची भर पडल्यामुळे वर्गणीतला नेमका किती भाग पोचवणीचा, हे ग्राहकाला सहजी कळत नाही.

क्वचित खरेदी करणाऱ्याने हिशेब करताना वर्षभरातील सगळ्या मागण्या धरणे ही नेहमीची चूक होय. ठरावीक रकमेच्या वरच्या मागणीवर बहुधा सदस्य नसलेल्यालाही शुल्क पडत नाही; म्हणून ज्या मागण्यांवर शुल्क खरोखर पडले असते, तेवढ्याच मोजाव्यात. समजा, वर्गणी 399 रुपये, शुल्क दर मागणीस 40 रुपये आणि मोफत पोचवणीची मर्यादा 499 रुपये आहे. 399 ला 40 ने भागल्यास जवळजवळ 10 येतात, म्हणजे शुल्क पडणाऱ्या किमान दहा मागण्या झाल्या तरच वर्गणी वसूल होते. अमळनेरच्या एखाद्या कुटुंबाने वर्षात 14 मागण्या केल्या, त्यांतल्या 9 मर्यादेवरच्या होत्या आणि उरलेल्या पाचांपैकी दोन वस्तू आठवडाभर थांबून एकत्र मागवता आल्या असत्या, त्यांची बेरीजही मर्यादेपुढे गेली असती, असे धरले, तर शुल्काच्या मागण्या तीनच उरतात. बचत 120 रुपये आणि वर्गणी 399, म्हणजे 279 रुपयांचा तोटा.

या आकड्यालाही दोन बाजूंनी धक्का बसतो. सदस्य झाल्यावर मोबाइलचे कव्हर किंवा शंभर रुपयांची गाळणी वेगळी मागवायला हात धजावतो, त्यामुळे शुल्क वाचलेल्या मागण्या फुगतात, पण ती खरी बचत नव्हे. उलट, काही विक्रेते माल स्वतःच पाठवतात आणि त्यावर सदस्यालाही शुल्क पडू शकते. एका दिवसात पोचवणीची सोय पिनकोडवर अवलंबून असते. जळगाव शहरात मिळणारी तारीख धडगाव किंवा अक्कलकुव्यासाठी मिळेलच असे नाही. वर्गणी भरण्यापूर्वी नेहमी लागणाऱ्या तीन-चार वस्तू आपला पिनकोड टाकून पाहाव्यात, हे उत्तम. चित्रपटांची किंमत हिशेबात धरायची ती ते वेगळे पैसे देऊन पाहिलेच असते तरच.

दिवाळीच्या आसपासच बहुतेक खरेदी होत असेल, तर एका महिन्याची वर्गणी मिळत असल्यास ती पुरते. वार्षिक वर्गणी यूपीआय किंवा कार्डवरून आपोआप नव्याने कापली जाऊ शकते, त्यामुळे सदस्यत्व घेतल्याबरोबर खात्याच्या सेटिंगमध्ये स्वयंनूतनीकरण बंद करता येते का, ते पाहावे. बऱ्याच योजनांत ते बंद केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत सवलत चालू राहते.