टाइप केलेली स्मायली आणि निवडलेला इमोजी: स्क्रीन रीडरवर कानी काय पडतं

मेसेजच्या शेवटी कोणी `:-)` टाइप करतं, कोणी 🙂 निवडतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला दोन्हीकडे हसूच दिसतं, त्यामुळे आपण दोन्हींना सर्रास ‘स्मायली’ म्हणतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून कानाने वाचणाऱ्या अंध माणसाच्या बाबतीत मात्र या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

`:-)` ही तीन विरामचिन्हं आहेत. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी ती विनोदाची खूण म्हणून सुचवली, पण संगणकाच्या लेखी ती आजही विसर्गासारखे दोन टिंब, एक आडवी रेघ आणि एक कंस एवढीच आहे. विंडोजवर चालणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये कुठली विरामचिन्हं बोलायची याची पातळी ठरवता येते. मूळ पातळी `some` असते आणि तिच्यात ही तिन्ही चिन्हं गाळली जातात. म्हणजे `:-)` चक्क ऐकूच येत नाही. पातळी `all` केली, तर हसण्याऐवजी तीन चिन्हांची नावं एकापाठोपाठ ऐकू येतात.

🙂 हे मात्र एकच अक्षर आहे. ‘क’ला जसा युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत स्वतःचा क्रमांक आहे, तसा यालाही आहे. प्रत्येक इमोजीला युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात एक छोटं नावही दिलेलं असतं. स्क्रीन रीडर बहुधा तेच नाव वाचतो. इंग्रजी आवाज लावलेला असेल तर 🙂 म्हणजे ‘स्लाइटली स्मायलिंग फेस’. यंत्राची भाषा बदलली की नावाची भाषा बदलू शकते, पण ते नाव पाठवणाऱ्याला निवडता येत नाही. फोटोला आपण स्वतःचं वर्णन जोडू शकतो, मेसेजमधल्या इमोजीला नाही. लोकांचा घोळ होतो तो इथेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपण टाइप केलं `:-)`, पण बऱ्याच ॲपमध्ये पाठवण्याआधीच त्याचा इमोजी झालेला असतो. त्यामुळे समोरच्यापर्यंत काय गेलं, हे पाठवल्यावर एकदा बघावं.

ही नावं बरेचदा चित्राचा आकार सांगतात, आपल्या मनातला अर्थ नाही. 🙏 हा आपल्याकडे नमस्कार, आभार, विनंती आणि श्रद्धांजली अशा चारही कामांना येतो. ऐकू येतं फक्त ‘फोल्डेड हँड्स’, आणि ते समजून घेता येतं. पण ‘भावपूर्ण श्रद्धांजली 😪’ याचं काय? थेंब पाहून पाठवणाऱ्याला तो अश्रू वाटतो. त्या चिन्हाचं नाव आहे ‘स्लीपी फेस’. कोणाच्या तरी जाण्याच्या बातमीखाली अंध वाचकाला झोपाळलेला चेहरा ऐकू येतो. रडण्यासाठी 😢 आहे, त्याचं नाव ‘क्रायिंग फेस’. आणि श्रद्धांजलीत शब्दच पुरेसे असतात.

आता इमोजींच्या ढिगाकडे येऊ. सोसायटीत येते तशी एक सूचना घ्या:

📢📢📢⚠️⚠️ उद्या ⏰ सकाळी ९ ते दुपारी २ 🚰🚫 पाणी बंद 🙏🙏🙏

स्क्रीन रीडर ती साधारण अशी वाचेल: ‘लाउडस्पीकर लाउडस्पीकर लाउडस्पीकर वॉर्निंग वॉर्निंग उद्या अलार्म क्लॉक सकाळी नऊ ते दुपारी दोन पोटेबल वॉटर प्रोहिबिटेड पाणी बंद फोल्डेड हँड्स फोल्डेड हँड्स फोल्डेड हँड्स’.

सूचनेचे खरे शब्द आठ, इमोजींच्या नावांचे सोळा. डोळे 📢 ओलांडून थेट ‘उद्या’वर जातात. कानाला तशी उडी मारता येत नाही, आवाज सुरुवातीपासून क्रमानेच येतो. अख्खा मेसेज सहसा एकाच घासात वाचला जातो. मधली वेळ निसटली, तर पुन्हा पहिल्या लाउडस्पीकरपासून ऐका, नाहीतर शब्दागणिक मागेपुढे करत शोधा. शिवाय इथे पाणी बंद होण्याच्या अगदी आधी ‘पोटेबल वॉटर’, म्हणजे पिण्याचं पाणी, ऐकू येतं. मराठी वाक्य आणि इंग्रजी नावं एकमेकांत मिसळली की वाक्य कुठे तुटलं आणि कुठे जुळलं, हे ओळखण्यातच लक्ष खर्च होतं.

सलग तेच चिन्ह आलं, तर काही स्क्रीन रीडर त्याची गिनती करून सांगतात, काही प्रत्येक वेळी नाव घेतात. गिनतीवर विसंबून चालत नाही, कारण 📢⚠️📢⚠️ असं आलटून पालटून लिहिलं की सलगपणाच उरत नाही.

दिसायला छोटी पण ऐकायला लांबलचक अशी एक सवय म्हणजे मुद्द्यांपुढचा 👉. त्याचं इंग्रजी नाव ‘बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट’, म्हणजे चार शब्द. पाच मुद्द्यांच्या यादीत हा हात वीस शब्द बोलतो. साधे 1, 2, 3 लिहिले तर तेच काम होतं, आणि कितवा मुद्दा चालू आहे हेही कळतं. त्वचेचा रंग बदललेल्या हातांचंही असंच: 🙏 दोन शब्दांत संपतो, तर 🙏🏽 ‘फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन’ असा पाच शब्दांचा होतो. कीबोर्डवर तो हात दाबून धरला की रंगांची पट्टी उघडते, तिथून पिवळा निवडावा.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर बोटांना जाणवणाऱ्या टिंबांत उमटवणारं यंत्र, त्यावर वाचणाऱ्यांची अडचण जागेची असते. 😂 चं नाव `face with tears of joy` असं अक्षरांत उमटलं, तर मोकळ्या जागांसकट २२ घरं लागतात. चाळीस घरांच्या ओळीत दुसरा 😂 पूर्ण मावतही नाही.

नावापुढे लावलेले इमोजी त्याहून जास्त त्रास देतात. प्रोफाइलच्या नावात 🚩🚩🚩 असेल, तर गटात त्या व्यक्तीच्या मेसेजआधी नाव वाचलं जाताना तीनदा ‘ट्रँग्युलर फ्लॅग’ ऐकू येऊ शकतं, मग मेसेज ‘हो’ एवढाच का असेना.

इमोजी टाकूच नये असं आम्ही म्हणत नाही. अंध माणसंही ते पाठवतात, आणि एखादा इमोजी बोलण्याचा सूर नेमका सांगतो. एक किंवा दोन, वाक्य संपल्यावर, आणि शब्दाच्या जागी कधीच नाही. ‘उद्या 🚰 नाही’ असं लिहिण्यापेक्षा ‘पाणी’ लिहावं. वरची सूचना मग अशी होते:

उद्या सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद राहील. कृपया साठवून ठेवा. 🙏

वेबपान तुमचं स्वतःचं असेल तर जास्त हातात असतं. नुसत्या सजावटीचा इमोजी स्क्रीन रीडरपासून लपवता येतो, आणि अर्थाचा असेल तर त्याला आपलं मराठी नाव देता येतं:

```html
<span aria-hidden="true">👉</span>
<span role="img" aria-label="नमस्कार">🙏</span>
```

`aria-hidden` लावलेली खूण कानाला पूर्णपणे नाहीशी होते. म्हणून ‘✅ म्हणजे झालं, ❌ म्हणजे बाकी’ अशा तक्त्यात ते लावलं तर माहितीच गळून पडेल. तिथे दुसरी ओळ वापरावी, किंवा ‘झालं’ आणि ‘बाकी’ असं सरळ लिहावं.

आपला मजकूर कसा ऐकू जातो हे विंडोजवर लगेच तपासता येतं. `Windows + Ctrl + Enter` दाबलं की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर सुरू होतो आणि तेच पुन्हा दाबलं की बंद होतो. पाठवण्याआधी मजकूर त्यातून एकदा डोळे मिटून ऐकावा. उद्याच्या पाण्याची वेळ पहिल्याच ऐकण्यात कळली नाही, तर सुरुवातीचे इमोजी आधी काढावेत.