नाशिकचे अक्षांश-रेखांश नेमके कुठल्या जागेचे?

नाशिकचे स्थान २० अंश उत्तर आणि ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व असे पुस्तकांत छापलेले असते. हे आकडे एका बिंदूचे आहेत, असे वाटते. पण आपल्या अक्षांशावर एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.७४ किलोमीटर. म्हणजे मिनिटापर्यंत दिलेला आकडा जवळजवळ तेवढ्याच चौकटीतल्या कुठल्याही जागेला लागू पडतो. या चौकटीचा मध्य सीबीएस बसस्टँड आणि शालीमारच्या परिसरात येतो आणि रामकुंड तिच्या ईशान्य कोपऱ्याच्या आसपास पडते.

नेमका बिंदू ठरवण्याची गरज पूर्वी कोणाला पडलीच नाही. पंचांगकर्त्यांची मध्यरेषा उज्जैनची. नाशिक तिच्या पश्चिमेला सुमारे दोन अंश, म्हणून देशांतर, म्हणजे वेळेतला फरक, आठ मिनिटांचे. रामकुंडापासून नाशिकरोड स्टेशनापर्यंत गेले तरी सूर्योदयाच्या वेळेत रेखांशामुळे पडणारा फरक बारा सेकंदांच्या घरातला. तेवढ्यावरून गावाचा मध्य कुठला, असा वाद कोण घालणार? आजही प्रमाणवेळेपेक्षा नाशिकची स्थानिक वेळ सुमारे ३५ मिनिटांनी मागे आहे, एवढे कळले की पंचांगाचे काम भागते.

खरा गुंता नकाशांनी केला. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीत देशभरचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून काढले जात, आणि त्या वेधशाळेचाच रेखांश ग्रहताऱ्यांच्या वेधांवरून ठरवलेला होता. तारायंत्राने दोन ठिकाणची वेळ थेट जुळवता येऊ लागली, तेव्हा तो कोनाच्या मापात सुमारे २ मिनिटे २७ सेकंद जास्त धरला गेल्याचे निघाले. चूक एका ठिकाणची, पण तिच्यावर टांगलेले सगळे गाव तेवढेच पूर्वेला सरकलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती स्वीकारली गेली. जुन्या तक्त्यांच्या समासात मात्र ‘रेखांशातून इतके वजा करावे’ एवढी टीपच राहिली.

ती टीप न वाचता जुना आकडा आजच्या नकाशावर टाकला तर काय होते, हे रविवार कारंजावर करून पाहण्यासारखे आहे. अक्षांश बरोबर जुळतो, कारण तो त्याच जागी ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येतो. बिंदू मात्र सव्वाचार किलोमीटर पूर्वेला, टाकळी-नांदूरच्या बाजूला जाऊन पडतो. अक्षांश ठीक आणि रेखांश एवढा पूर्वेला, हीच या चुकीची खूण. दोन्ही थोडे थोडे हलले असतील आणि एकूण फरक शंभर-सव्वाशे मीटरचाच असेल, तर दोष वेधशाळेचा नाही. पृथ्वीचा जो आकार १८३० मध्ये गृहीत धरला होता तो आणि आज मोबाइल वापरतो तो, हे वेगळे आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे तक्ते नव्या आकारावर आले, पण जुने अजून हातात असतातच.

उरला ‘मध्य’. या शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात: हद्दीचा भौमितिक मध्य, अंतरे मोजण्याची जागा आणि लोक ज्याला गाव म्हणतात ती जागा. अंतरांसाठी जुना रिवाज मुख्य टपाल कार्यालयाचा. भौमितिक मध्याचे महत्त्व वाढले ते १९८२ पासून, महापालिका झाली आणि नाशिकरोड-देवळाली, सातपूर हे सगळे एका हद्दीत आले तेव्हा. तोपर्यंत गावाचा मध्य गावातच होता. रामकुंडापासून सरळ रेषेत आठ किलोमीटरहून लांब असलेले स्टेशनही त्यानंतर ‘नाशिक’च झाले. भौमितिक मध्य काढला की सातपूर-अंबड त्याला पश्चिमेकडे ओढतात, नाशिकरोड आग्नेयेकडे, आणि आडगावकडे वस्ती भरली तरी तो जागचा हलत नाही. हद्दीत एखादे गाव आले की लगेच सरकतो. माणसे जिथल्या तिथे आणि शहराचा मध्य मात्र कागदावर फिरतो, हे मला पटत नाही.

संगणकावर हवामान किंवा सूर्योदय पाहताना पुष्कळ ठिकाणी `19.997, 73.791` असा आकडा दिसतो. तो रामकुंडाच्या दक्षिणेला किलोमीटरभरावर पडतो. दशांशानंतरचा तिसरा अंक शंभर मीटरच्या आसपासचा, म्हणून आकडा नेमका वाटतो. पण तो कुठल्या मध्याचा, हे त्याच्या शेजारी लिहिलेले नसते.

नाशिकसाठी एकच बिंदू निवडायचा असेल तर माझ्या मते गोदावरी जिथे दक्षिणेकडे वळते ते रामकुंडच योग्य. एका काठाला जुने नाशिक, दुसऱ्या काठाला पंचवटी, आणि हद्द कितीही वाढली तरी ती जागा हलत नाही. सीबीएस धरणाऱ्यांचे म्हणणेही खोटे नाही, बाहेरून येणारा तिथेच उतरतो. पण स्टँड उद्या हलवता येतो. रामकुंड धरून आकडा चार दशांशांपर्यंत लिहावा आणि शेजारी ‘रामकुंड’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या मोजणीत तो तपासता येईल.