राजम्यातील विषारी लेक्टिन

राजम्याच्या कच्च्या दाण्यात असलेले आणि पोटात गेल्यास काही तासांत तीव्र उलट्या घडवणारे प्रथिन. त्याचे शास्त्रीय नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. व्यवहारात नुसते ‘राजम्याचे लेक्टिन’ म्हटले तरी चालते. फॅसिओलस व्हल्गॅरिस या जातीच्या सगळ्याच वाणांत ते कमीअधिक असते. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, तर पांढऱ्यात साधारण त्याच्या एक तृतीयांश आढळते. दाणा आधी भिजवला आणि मग खळखळ उकळला की हे प्रथिन निकामी होते. मात्र ‘दाणा मऊ झाला म्हणजे विष गेले’ असे समजणे चुकीचे आहे. राजम्याच्या विषबाधेच्या बऱ्याच घटनांचे मूळ याच समजुतीत आहे.

लेक्टिन हा शब्द लॅटिनमधल्या ‘निवडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि तो नेमका आहे. ही प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या ठरावीक साखळ्या ओळखतात आणि त्यांनाच चिकटतात. राजम्याच्या लेक्टिनचा रेणू चार उपघटकांचा असतो आणि प्रत्येक उपघटकाला साखर धरण्याची एक जागा असते. त्यामुळे एकच रेणू एकाच वेळी एकाहून अधिक पेशींना पकडू शकतो. रक्तात तो मिसळला तर लाल पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांच्या गुठळ्या होतात. उपघटक दोन प्रकारचे आहेत. एकाचा ओढा लाल पेशींकडे, दुसऱ्याचा पांढऱ्या पेशींकडे. चार जागांवर हे दोन प्रकार कसेही बसू शकत असल्याने या प्रथिनाची पाच रूपे तयार होतात. पांढऱ्या पेशींना चिकटल्यावर त्या विभाजित होऊ लागतात, हे पीटर नॉवेल यांनी 1960 मध्ये दाखवले. तेव्हापासून मानवी गुणसूत्रे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत रक्तपेशी वाढवताना हेच प्रथिन वापरले जाते. स्वयंपाकघरात नकोसे असलेले हे द्रव्य प्रयोगशाळा पैसे मोजून विकत घेतात.

झाड हे प्रथिन का बनवते? ते बियांच्या दोन डाळ्यांमध्ये, प्रथिने साठवण्याच्या कप्प्यांत भरलेले असते. म्हणजे ते रोपाची शिदोरीही आहे आणि खाणाऱ्याला अद्दल घडवणारे हत्यारही. जनुकांच्या त्याच कुळात राजम्याने आणखी दोन शस्त्रे घडवली आहेत. त्यांपैकी आर्सेलिन काही रानटी वाणांत आढळते आणि बियांतल्या भुंगेऱ्यांना रोखते. दुसरे स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराला अडवते. या दुसऱ्याचा संबंध पुढे येणार आहे. लेक्टिनचा मारा मात्र मुख्यतः सस्तन प्राण्यांच्या आतड्यावर आहे.

आहारातली बहुतेक प्रथिने जठरात आणि लहान आतड्यात तुकडे होऊन पचतात. हे लेक्टिन पाचक विकरांना दाद देत नाही. त्याचा बराचसा भाग जसाच्या तसा लहान आतड्यापर्यंत पोचतो. तिथल्या पेशींच्या टोकावर ब्रशच्या केसांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांतूनच अन्नरस शोषला जातो. या उंचवट्यांवर साखरेच्या साखळ्या दाट असतात, लेक्टिन त्यांना धरून बसते. उंचवटे आखूड आणि विस्कळीत होतात, शोषण बिघडते. कच्चा राजमा खाऊ घातलेल्या उंदरांत वजन झपाट्याने घटते आणि आतड्यात जिवाणूंची संख्या फुगते, असे प्रयोगांत दिसले आहे.

माणसात हे सगळे फार वेगाने घडते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ सुरू होते, मग उलट्यांचा सपाटा, थोड्या वेळाने पोटदुखी आणि जुलाब. अनेक जिवाणूजन्य विषबाधांपेक्षा हा काळ कमी आहे. ताप सहसा नसतो. चार-पाच कच्चे दाणे एवढ्यासाठी पुरतात. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन-चार तासांत माणूस बहुधा सावरतो, पण उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले तर शिरेतून द्रव द्यावे लागते. लहान मुले आणि वृद्ध यांना हा धोका अधिक.

आता भिजवणे. त्याचा उपयोग पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. भिजवल्याने लेक्टिन ‘धुऊन जाते’ हे अर्धसत्य आहे: थोडेफार पाण्यात उतरते, बाकीचे दाण्यातच राहते. म्हणूनच ब्रिटनमधल्या 1976 च्या ज्या घटनेपासून तिथे या विषबाधेच्या नोंदी सुरू झाल्या, तिच्यातल्या मुलांनी राजमा भिजवला होता, फक्त शिजवला नव्हता. भिजवण्याचे खरे काम वेगळे आहे. कोरडे प्रथिन उष्णतेला कमालीचे टिकाऊ असते, कारण त्याची घडी उलगडायला आजूबाजूला पाणी लागते. भिजलेल्या दाण्यात पाणी गाभ्यापर्यंत पोचलेले असते, त्यामुळे पुढे उकळताना गाभाही लवकर तापतो आणि तिथले प्रथिन उलगडायला तयार असते.

कोरडा दाणा भिजायला लागला की आधी साल पाणी पिते, फुगते आणि सुरकुतते. डाळ्या मागाहून फुगतात, मग साल पुन्हा ताणून गुळगुळीत होते. किमान पाच तास द्यावेत. रात्रभर ठेवणे सोयीचे. पूर्ण भिजलेल्या दाण्याचे वजन कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट होते. खात्री करायची तर एक दाणा सुरीने मधोमध कापावा: मध्ये कोरडा, पांढुरका ठिपका दिसला तर अजून वेळ हवा. जुन्या साठ्यातले गणंग दाणे रात्रभर ठेवूनही टणक राहतात. ते वेचून टाकलेले बरे. भिजवलेले पाणी फेकून, दाणे धुऊन ताज्या पाण्यात घ्यावेत. त्याने उतरलेला थोडा अंश जातो, आणि पोटात वायू करणाऱ्या साखरांचा काही भागही.

उकळण्यात तापमान हाच कळीचा मुद्दा. 100 अंश सेल्सिअसला, भिजवलेल्या दाण्यातले लेक्टिन दहा मिनिटांत निकामी होते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन मात्र अर्धा तास उकळायला सांगते, म्हणजे प्रत्येक दाण्याचा गाभा त्या तापमानाला पोचल्याची हमी मिळते. वेळ मोजायची ती दाणे टाकल्यावर पाण्याला पुन्हा उकळी फुटल्यापासून; थंड दाण्यांनी पाणी निवते आणि ती मिनिटे हिशेबात धरायची नसतात. इथे लेक्टिन भांड्यातून निघून जात नाही, हेही लक्षात घ्यावे. प्रथिन तिथेच असते, फक्त त्याची घडी मोडते, आणि घडी मोडली की साखर धरण्याची जागाही मोडते. उरते ते साधे, पचणारे प्रथिन.

हे मोजतात कसे? दाण्यांचा अर्क घ्यायचा, तो दर वेळी निम्म्याने पातळ करत नळ्यांची रांग लावायची आणि प्रत्येकीत ठरावीक लाल पेशी घालायच्या. लेक्टिन पुरेसे असेल तिथे पेशी जाळीसारख्या गुंफून तळभर पसरतात. नसेल तिथे घरंगळून मध्यभागी छोटा लाल ठिपका करतात. जिथपर्यंत जाळी दिसते त्या शेवटच्या नळीवरून एकके ठरतात. कच्च्या लाल राजम्यात ही एकके 20,000 ते 70,000, पूर्ण शिजलेल्यात 200 ते 400 भरतात. समजा कच्च्या नमुन्यात 51,200 एकके मिळाली आणि शिजवल्यावर 400. म्हणजे रांगेत सात नळ्या मागे आलो, कारण 51,200 सात वेळा निम्मे केले की 400 उरतात. शून्य सहसा येत नाही, पण उरलेल्या प्रमाणाने त्रास होत नाही.

धोका कुठे दडतो हे एका घरगुती उदाहरणावरून पाहू. कुणी पाव किलो राजमा रात्री नीट भिजवला, सकाळी पाणी बदलले आणि दाणे थेट मंद आचेच्या विजेच्या भांड्यात टाकून झाकण लावले. अशा भांड्यात शिजणाऱ्या पदार्थाच्या आतले तापमान कधीकधी जेमतेम 75 अंशांपर्यंत जाते. सात-आठ तासांनी दाणा बोटाने चिरडतो, रसा दाट होतो, चवही लागते. मऊपणा येतो तो पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळल्याने आणि स्टार्च फुगल्याने, आणि या दोन्ही गोष्टी उकळीच्या खालीही सावकाश घडतात. लेक्टिनची घडी मात्र त्या तापमानाला बरीचशी शाबूत राहू शकते. सातला जेवलेल्यांना नऊच्या सुमारास मळमळू लागते. त्याहून वाईट म्हणजे, साधारण 80 अंशांपर्यंतच तापवलेल्या दाण्यांची विषारीपणाची मात्रा कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकते, असे अमेरिकी प्रशासनाची अन्नविषबाधेवरील पुस्तिका सांगते. अर्धवट शिजवणे म्हणजे अर्धे सुरक्षित, हा हिशेब इथे लागू पडत नाही. असे भांडे वापरायचेच असेल तर भिजलेले दाणे आधी वेगळ्या पातेल्यात उकळून घ्यावेत आणि मगच त्यात टाकावेत.

कोरड्या उष्णतेचे उदाहरण जपानमध्ये 2006 साली घडले. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन घटवण्यासाठी पांढरा राजमा तीन मिनिटे भाजून, दळून, भातावर घालून खायला सांगितले. त्यामागचा आधार म्हणजे वर उल्लेखलेले अमायलेज अडवणारे प्रथिन. स्टार्च पचला नाही तर वजन उतरेल, अशी अटकळ. सुमारे एक हजार जणांनी उलट्या-जुलाबांची तक्रार केली, त्यांतले शंभरेक रुग्णालयात दाखल झाले. पांढऱ्या वाणात लेक्टिन कमी असते खरे, पण कोरड्या दाण्याला तीन मिनिटांचे भाजणे पुरेसे नव्हते. कच्च्या राजम्याचे पीठ करून भाजण्याच्या पदार्थात घालण्यातही हीच जोखीम आहे.

ब्रिटनमध्ये 1976 ते 1989 या काळातल्या 50 संशयित घटनांचा आढावा नंतर प्रसिद्ध झाला. अशा घटना नोंदीत कमीच येतात, कारण माणूस काही तासांत बरा होतो आणि दोष बहुधा दुसऱ्याच पदार्थावर जातो.

डबाबंद राजमा डब्यातच, दाबाखाली, 100 अंशांच्या वर तापवलेला असल्याने तो थेट खाता येतो. प्रेशर कुकरमध्येही तापमान शंभराच्या पुढे जाते, म्हणून भिजलेल्या दाण्यांसाठी तो उत्तम. मोड आणल्याने लेक्टिन काहीसे घटते, पण कच्चे खाण्याइतके नाही. मोड आलेला राजमाही उकळावाच लागतो. उंच डोंगराळ भागात पाणी कमी तापमानाला उकळते, दर 300 मीटरला साधारण एक अंश. 3,000 मीटरवर उकळी 90 अंशांच्या आसपास फुटते. तिथे उघड्या पातेल्यातली दहा मिनिटे पुरतील असे धरू नये, उकळण्याचा वेळ बराच वाढवावा किंवा कुकर वापरावा.