मीटिंगच्या रेकॉर्डिंगमुळे भरत जाणारा लॅपटॉप : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे देखभालीसाठी येणाऱ्या कार्यालयीन लॅपटॉपांपैकी अनेकांची तक्रार एकच असते: सी ड्राइव्ह लाल झाला आहे, विंडोजचे अपडेट अर्ध्यावर थांबते, एक्सेलची फाईल सेव्ह होत नाही, आणि वापरणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने "काहीच नवीन टाकलेले नाही". हे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते. त्याने स्वतः काही टाकलेले नसते, परंतु व्हिडिओ कॉलचे सॉफ्टवेअर दर मीटिंगनंतर एक फाईल ठेवून जाते आणि ती कोणी काढत नाही. हे पत्रक झूम आणि विंडोज वापरणाऱ्या ग्राहकांपुरते आहे, कारण आमच्या ग्राहकांत हीच जोडी सर्वाधिक आहे.

रेकॉर्डिंग कोठे जाते

झूममध्ये रेकॉर्डिंग दोन प्रकारे होते. एक क्लाउडवर, म्हणजे झूमच्या सर्व्हरवर. त्यासाठी पैसे भरलेले खाते लागते. दुसरे रेकॉर्ड करणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर. या दुसऱ्या प्रकारातली फाईल, वेगळे काही ठरवले नसेल तर, पुढील ठिकाणी जाते (`name` च्या जागी आपले विंडोजमधील नाव येते):

```
C:\Users\name\Documents\Zoom
```

या फोल्डरात प्रत्येक मीटिंगसाठी एक स्वतंत्र फोल्डर तयार होतो आणि त्याच्या नावात तारीख, वेळ व मीटिंगचे शीर्षक असते. आत साधारणपणे एक mp4 फाईल, म्हणजे चित्र आणि आवाज; एक m4a फाईल, म्हणजे केवळ आवाज; आणि मीटिंगमध्ये लेखी संवाद झाला असल्यास `chat.txt` असते. चॅटची फाईल नगण्य असते, आवाजाची लहान असते, जागा खाते ती mp4. तासाभराच्या मीटिंगला सुमारे २०० एमबी हा अंदाज धरून चालावे; केवळ स्थिर सादरीकरण दाखवले असेल तर याहून बरेच कमी, आणि अनेक चेहरे सतत पडद्यावर असतील तर जास्त.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला नसेल, तर संगणकावर केलेले रेकॉर्डिंग फक्त त्याच संगणकावर असते. ते झूमच्या खात्यात नसते, इतर सहभागींकडे नसते आणि संस्थेच्या सर्व्हरवरही नसते. म्हणून जागा मोकळी करण्याच्या घाईत हा फोल्डर डोळे मिटून पुसू नये, आणि डिस्क बिघडली तर ही रेकॉर्डिंगे परत मिळतील असेही गृहीत धरू नये.

हळूहळू भरण्याचे कारण

कोणी रोज आठवणीने रेकॉर्डचे बटण दाबत असेल तर त्याला फायली साठत असल्याची कल्पना असते. अडचण होते ती आपोआप होणाऱ्या रेकॉर्डिंगमुळे. मीटिंग ठरवताना `Automatically record meeting` ही खूण केलेली असेल आणि तिच्याखाली `On the local computer` निवडलेले असेल, तर मीटिंग सुरू होताच रेकॉर्डिंगही सुरू होते. दर सोमवारी किंवा रोज होणाऱ्या आवर्ती मीटिंगला ही खूण एकदा लागली की ती प्रत्येक वेळी लागू राहते; एखाद्या महत्त्वाच्या बैठकीसाठी वर्षापूर्वी केलेली ती निवड पुढच्या सर्व बैठकींना चिकटलेली असते. खात्याच्या वेब सेटिंगमध्येही `Automatic recording` हा पर्याय असतो आणि तो सर्वच मीटिंगांना लागू पडतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणी पाहावे.

विंडोजमधील स्टोरेज सेन्स ही सोय तात्पुरत्या फायली आणि रिसायकल बिन आपोआप साफ करते, पण डॉक्युमेंट्समधील फायली पुसत नाही. ते योग्यच आहे, कारण तेथे माणसाचे काम असते. मात्र याचा अर्थ असा की झूमचा फोल्डर साफ करणारे कोणीच नसते.

पाहिलेले एक प्रकरण

एका ग्राहक संस्थेतील प्रशिक्षण विभागाच्या बाईंचा लॅपटॉप आमच्याकडे आला, तेव्हा २५६ जीबीच्या डिस्कवर, जी विंडोजमध्ये सुमारे २३७ जीबी दिसते, केवळ ५ जीबी शिल्लक होते. डॉक्युमेंट्समधील झूमच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून `Properties` उघडले, आणि आकडा मोजला जाऊन ८४ जीबीवर थांबला. आत १४ महिन्यांतल्या ३१० मीटिंगांचे फोल्डर होते. हा आकडा पाहून बाईंनाच धक्का बसला, कारण स्वतः बटण दाबून केलेली रेकॉर्डिंगे त्यांच्या आठवणीप्रमाणे वीस-पंचवीस होती. बाकी सारी रोजच्या सकाळच्या बैठकीची, आपोआप झालेली होती.

८४ जीबीची फोड केल्यावर तीन भाग निघाले. ५७ जीबी नेहमीच्या mp4 आणि m4a फायलींचे होते, म्हणजे मीटिंगमागे सरासरी २०० एमबीच्या थोडे आत, जे अपेक्षितच होते. २१ जीबी `Audio Record` नावाच्या उपफोल्डरांत होते. झूमच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये प्रत्येक सहभागीचा आवाज वेगळ्या फाईलमध्ये ठेवण्याचा पर्याय आहे. एका ध्वनिसंपादनाच्या कामासाठी तो कधीतरी चालू केला गेला आणि तसाच राहिला. दहा जणांच्या बैठकीत तो दहा अधिकच्या फायली तयार करतो, आणि त्या कोणी उघडूनही पाहिलेल्या नव्हत्या.

उरलेले ६ जीबी मात्र काळजीचे होते. अकरा फोल्डरांत mp4 नव्हतीच; तेथे `double_click_to_convert_01.zoom` अशा नावांच्या फायली होत्या.

अर्धवट राहिलेली रेकॉर्डिंगे

मीटिंग चालू असताना झूम थेट mp4 लिहीत नाही. ते आधी स्वतःच्या कच्च्या स्वरूपात, म्हणजे .zoom फायलींत, लिहिते आणि मीटिंग संपल्यावर त्यांचे mp4 मध्ये रूपांतर करते. त्या वेळी पडद्यावर रूपांतराची टक्केवारी पुढे सरकताना दिसते. मोठ्या मीटिंगला हे काम कित्येक मिनिटे चालते, आणि नेमक्या याच वेळी माणूस लॅपटॉपचे झाकण मिटून निघतो. या अकरा फोल्डरांतील बहुतेक मीटिंगा दोन-तीन तासांची प्रशिक्षण सत्रे होती, ही गोष्ट योगायोगाची नव्हती.

डिस्क भरत आली की याला आणखी एक कारण मिळते. रूपांतर चालू असताना कच्ची फाईल आणि तयार होणारी mp4 या दोन्ही डिस्कवर एकाच वेळी असतात, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आकाराएवढी जागा वेगळी मोकळी असावी लागते. ती नसली तर रूपांतर थांबते, कच्ची फाईल मागे राहते, आणि पुढच्या मीटिंगसाठी जागा आणखी कमी होते. भरलेली डिस्क अशी स्वतःच स्वतःला भरत जाते.

अशा फायली शोधण्यासाठी झूमचा फोल्डर उघडून शोधचौकटीत `*.zoom` असे टाइप करावे. काही दिसल्यास प्रथम दुसरीकडून काही जीबी जागा मोकळी करावी आणि मग त्या फाईलवर डबल-क्लिक करावे. रूपांतर पुन्हा सुरू होते. रेकॉर्डिंग ज्या संगणकावर झाले त्याच संगणकावर हे करावे, आणि त्याआधी फाईलचे वा फोल्डरचे नाव बदलू नये व तो हलवूही नये. वरील प्रकरणात अकरांपैकी नऊ रेकॉर्डिंगे अशी परत मिळाली. दोन मिळाली नाहीत, कारण त्यांचे फोल्डर आधीच पेन ड्राइव्हवर हलवून, नावे बदलून परत आणले गेले होते.

mp4 तयार असूनही तिच्या शेजारी .zoom फायली दिसत असतील, तर सेटिंगमधील `Keep temporary recording files` हा पर्याय चालू असल्याची शक्यता आहे. तो तांत्रिक तपासासाठी असतो. रोजच्या वापरात बंद ठेवावा. mp4 शेवटपर्यंत चालते हे पाहून मग त्या कच्च्या फायली पुसण्यास हरकत नाही.

वनड्राइव्ह चालू असल्यास

अनेक कार्यालयांत डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असतो, आणि मग झूमचे रेकॉर्डिंगही नकळत तेथे चढू लागते. रूपांतर चालू असलेल्या फाईलला वनड्राइव्हही हात लावत राहिला तर रेकॉर्डिंग बिघडू शकते. स्वतः झूमचाही सल्ला असा आहे की क्लाउडशी जोडलेले फोल्डर, नेटवर्कवरील जागा किंवा बाहेरची डिस्क थेट रेकॉर्डिंगसाठी निवडू नये. अशा लॅपटॉपवर आम्ही `C:\Recordings` असा साधा फोल्डर करून झूमच्या सेटिंगमधील `Recording` भागात तोच निवडून देतो. जुनी रेकॉर्डिंगे मात्र जुन्याच जागी राहतात, हे लक्षात असू द्यावे.

येथे पुसण्याचा धोकाही वेगळा आहे. जोडलेल्या फोल्डरातून फाईल काढली की ती वनड्राइव्हवरूनही जाते. केवळ लॅपटॉपवरची जागा मोकळी करायची असेल तर फोल्डरवर राइट-क्लिक करून `Free up space` निवडावे. ते झाले की नाही हे `Properties` मध्ये कळते: `Size` चा आकडा पूर्वीइतकाच राहतो आणि `Size on disk` शून्याजवळ येतो.

साफसफाईचा क्रम

आम्ही त्या लॅपटॉपवर प्रथम आपोआप रेकॉर्डिंग आणि वेगळ्या आवाजाचा पर्याय बंद केला, कारण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो. मग `Audio Record` उपफोल्डर पुसले आणि रिसायकल बिन रिकामे केले. ते रिकामे केल्याशिवाय जागा परत मिळत नाही. मिळालेल्या २१ जीबीत अर्धवट रेकॉर्डिंगांचे रूपांतर करून घेतले. त्यानंतर बाईंनी आपल्या वरिष्ठांना विचारून यादी केली: प्रशिक्षणाची सत्रे ठेवायची, रोजच्या बैठकी काढायच्या. काय ठेवावे हा निर्णय आम्ही कधीही घेत नाही, कारण एखाद्या बैठकीत ग्राहकाशी ठरलेला व्यवहार किंवा कर्मचाऱ्याविषयीची चर्चा असू शकते आणि तिचे जतन वा नाश हा संस्थेचा विषय आहे.

ठेवायची सत्रे बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, दोन्हीकडील फायलींची संख्या व एकूण आकार जुळवला, प्रत्येक mp4 मध्यभागी आणि शेवटी चालवून पाहिली, आणि त्यानंतरच लॅपटॉपवरील प्रती काढल्या. तेथे `Cut` वापरू नये; मध्येच केबल निघाली तर कोणती फाईल कोठे राहिली हे शोधत बसावे लागते.

.zoom फाईल डबल-क्लिक करूनही उघडत नसेल, तर ती पुसू नये, तिचे नाव बदलू नये आणि लॅपटॉप फॉरमॅट करू नये. फोल्डर आहे तसा ठेवून तोच लॅपटॉप आमच्याकडे आणावा; सोबत मीटिंगची तारीख, अंदाजे कालावधी आणि ती संपल्यानंतर लॅपटॉप किती वेळाने बंद केला, एवढे सांगितल्यास तपासाला मदत होते.