गारठा चालताना नाही, थांबल्यावर धरतो

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला येणाऱ्या पाहुण्यांना मुक्कामाच्या रात्री लीडर पंधरा मिनिटं सूचना देतो. बहुतेकांचं लक्ष जेवणाकडे असतं. जीन्स नको, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, पुढच्या लीडरच्या पुढे आणि मागच्या लीडरच्या मागे कुणी जायचं नाही, अशा सुट्या सुट्या गोष्टी कानावर पडतात. पण त्यातल्या बऱ्याचशा सूचनांचं मूळ एकच आहे. अंगात तयार होणारी उष्णता आणि अंगातून जाणारी उष्णता यांचा हिशेब जमला पाहिजे.

कोल्हापूरकरांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" बर्फाची गरजच नसते. पावसाळ्यात वाटेतल्या मसाई पठारावर दिवसा वीस-बावीस अंश असतात. कोरड्या अंगाला हे तापमान सुखाचं वाटतं. ओल्या अंगाला आणि त्यावर पश्चिमेचा वारा असेल तर ते महागात पडू शकतं. शरीराच्या आतलं तापमान सदतीसच्या आसपास असतं. ते पस्तिसाच्या खाली उतरलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. म्हणजे घसरण फक्त दोन अंशांची.

कपड्यांपासून सुरुवात करू. कापडाच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा आपल्याला उबदार ठेवते. सुती टी-शर्ट भिजला की त्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं निसटते. पाऊस थांबून वारा सुटला की दुसरा प्रकार सुरू होतो. माठातलं पाणी जसं गार होतं, तसं अंग गार होऊ लागतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात. भिजलेल्या टी-शर्टात पाव लिटर पाणी असेल तर ते वाळायला जवळजवळ 145 किलोकॅलरी हव्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा अंगातून जातात. स्वस्थ बसलेला माणूस तासाला ऐंशी ते शंभर किलोकॅलरी उष्णता तयार करतो. पाठीवर सॅक घेऊन चढ चढणारा त्याच्या कितीतरी पट करतो. म्हणून चालताना सगळं ठीक वाटतं आणि थांबलं की हुडहुडी भरते.

जीन्सवर लीडरचा राग एवढ्यासाठीच असतो. ती सर्वांत जास्त पाणी धरते आणि सर्वांत उशिरा वाळते. पॉलिस्टरचे पातळ कपडे भिजतात तेवढ्याच लवकर वाळतात, म्हणून ते बरे. वाटेवरच्या धनगरवाड्यांतली घोंगडीही इथे शहाणी ठरते. लोकर कुरळी असल्यामुळे ओली झाली तरी तिच्यात थोडीफार हवा शिल्लक राहते. अर्थात भिजलेली घोंगडी पाठीवर घेऊन पंचवीस किलोमीटर चालायचं असेल, तर त्यासाठी धनगराचेच पाय हवेत. पिशवीतल्या कोरड्या जोडाचा नियम मात्र कडक: चालताना तो काढायचा नाही. मुक्कामाला पोचल्यावर किंवा कुणी खरोखर गारठलं तरच तो बाहेर येतो.

आता घोळक्यानं चालण्याचं. पाहुण्यांना हा नियम शाळेच्या सहलीतल्या शिस्तीसारखा वाटतो. एक साधा ओढा घेऊन हिशेब करून बघू. चाळीस जण एकापाठोपाठ चालले आहेत. ओढ्यात पाणी घोट्याएवढं आहे, पण दगड निसरडे आहेत, म्हणून प्रत्येकाला ओलांडायला दहा सेकंद लागतात. शेवटचा माणूस पलीकडे येईपर्यंत चारशे सेकंद जातात, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. पुढचा माणूस ताशी चार किलोमीटरनं चालत राहिला, तर तेवढ्या वेळात तो साडेचारशे मीटर पुढे गेलेला असतो. कुणीही आळस केलेला नाही, कुणी फोटो काढत बसलेलं नाही, तरी रांगेचे तुकडे झालेले असतात. मसाई पठारावर धुकं उतरलं की कधीकधी तीस मीटरपलीकडचं दिसत नाही.

हे धुकं म्हणजे खाली आलेला ढगच. कोकणातून येणारी दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, वर गेल्यावर गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. वारा फिरला की पाच-दहा मिनिटांत पठार झाकलं जातं. पठार सपाट असल्यामुळे चढ-उतारावरूनही दिशा कळत नाही. अशा वेळी 'नाकासमोर चालत राहू' हा विचार फसवा असतो. जर्मनीतल्या संशोधकांनी 2009 साली माणसांना जीपीएस लावून अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ चालली. ढगाळ दिवशी मात्र ती गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून ओढा झाला की पुढच्या लीडरनं थांबायचं. पण कुठे? उघड्यावर थांबला तर पहिले दहा जण घामानं आणि पावसानं भिजलेल्या अंगानं सात मिनिटं वाऱ्यात उभे राहतात. दमलेले मागचे पोचले की तो लगेच निघतो. त्यामुळे पुढचे गारठतात आणि मागच्यांना विसावा मिळत नाही. जाणता लीडर एखाद्या बांधाच्या किंवा झाडीच्या आडोशाला थांबतो, थांबल्याबरोबर सगळ्यांना जॅकेट चढवायला लावतो, आणि शेवटचा पोचल्यावर आणखी दोन मिनिटं देतो. सावकाश चालणाऱ्यांना तो रांगेच्या शेपटीला ठेवत नाही. त्यांना आपल्या मागेच घेतो, म्हणजे रांगेचा वेग त्यांचा होतो आणि तुकडे कमी पडतात. माझ्या मते एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मे घोळ टळतात.

गारठलेला माणूस स्वतःहून सांगत नाही, कारण मेंदूही मंदावलेला असतो. ओळखायचं शेजाऱ्यानं. आधी तो कुडकुडतो. मग जॅकेटची चेन लागत नाही, अंगठा करंगळीला टेकत नाही, जीभ जड होते, सपाट वाटेवर पाय अडखळतो. बडबड्या माणूस गप्प झाला तरी शंका घ्यावी. कुडकुड थांबली, पण माणूस सुस्त आणि गोंधळलेलाच राहिला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे. कुडकुडून उष्णता तयार करण्याची शरीराची ताकदच संपलेली असते, आणि तेव्हा दवाखाना गाठावा लागतो. त्याआधीच वाऱ्याआड नेऊन ओले कपडे काढा, कोरडा जोड घाला, वरून प्लास्टिक गुंडाळा आणि शुद्धीत असेल तर गरम गोड चहा पाजा. दारू नको. तिनं कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता आणखी बाहेर जाते. हातपायही चोळू नयेत.

एकत्र राहण्याच्या नियमाला एक अपवाद आहे, तो विजेचा. एप्रिल-मेत दुपारनंतर वळीव येतो आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस, तेव्हा पठारावर आपणच सर्वांत उंच असतो. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग पठार सोडून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली जायचं नाही आणि माणसामाणसांत अंतर ठेवायचं, म्हणजे एका विजेत सगळे सापडणार नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर यायचं नाही.

आणि धुक्यात मागेपुढे कुणीच दिसेनासं झालं, तर शोधायला जायचं नाही. असाल तिथेच वाऱ्याकडे पाठ करून थांबायचं, जॅकेट घालायचं, तोंडात गुळाचा खडा टाकायचा आणि थोड्या थोड्या वेळानं शिट्टी वाजवायची. मागचा लीडर त्याच वाटेनं येत असतो.